नायिकेची वाट आणि नायकाचा अधिकार

प्रेमकथा हा वाङ्मयप्रकार वाचकाला दोन गोष्टींची हमी देतो. कथेच्या केंद्रस्थानी दोन व्यक्तींच्या प्रेमाची घडण राहील ही पहिली, आणि शेवटी ते प्रेम टिकेल, निदान टिकण्याची सबळ आशा उरेल, ही दुसरी. या हमीमुळे लेखकापुढे एक अडचण उभी राहते. शेवट आधीच ठरलेला असल्यामुळे नायिकेची जी इच्छा प्रेमाशी संबंधित नाही, ती कथेला अनावश्यक भासू लागते, आणि लेखक ती इच्छा पहिल्या प्रकरणात जाहीर करून पुढे हळूहळू विसरून जातो. येथे महत्त्वाकांक्षा हा शब्द मर्यादित अर्थाने वापरला आहे: नायक भेटला नसता तरी नायिकेने जिचा पाठपुरावा केलाच असता, आणि जिचे यश किंवा अपयश तिच्या कामातून व कौशल्यातून ठरले असते, अशी इच्छा. जिद्दी, स्वाभिमानी, हुशार ही विशेषणे म्हणजे महत्त्वाकांक्षा नव्हे. ती स्वभावाची वर्णने आहेत आणि त्यांच्या बळावर कथानकातील एकही घटना घडत नाही.

नायिकेला प्रेमापलीकडची महत्त्वाकांक्षा द्यावी, हे आता बहुतेक लेखकांना मान्य असते. प्रश्न तिच्या मांडणीचा आहे. ती कोठे फसते हे शोधू लागले की एक कारण पुन्हा पुन्हा समोर येते: नायिकेला जे हवे असते ते देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार लेखकाने नायकाच्या हाती ठेवलेला असतो. तो कंपनीचा मालक असतो, मालकाचा मुलगा असतो, तिचा वरिष्ठ असतो, नाहीतर तिच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा उदार मनुष्य असतो. अशा रचनेत तिचे यश आणि त्याची मर्जी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. त्याने तिला बढती दिली तर ती प्रेमाची भेट ठरते आणि नाकारली तर तो नकार प्रेमातील अडथळा ठरतो. म्हणजे काहीही घडले तरी तिची महत्त्वाकांक्षा प्रेमकथेचाच एक भाग होऊन बसते. मराठी दूरचित्रवाणी मालिकांतून मालक-नायक आणि नोकरदार नायिका ही जोडी इतकी रुळली आहे की तिच्यातील हा दोष सहसा जाणवतही नाही.

मराठी कथात्म साहित्यात या प्रश्नाची दोन टोके फार पूर्वीपासून दिसतात. ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथालेखनाच्या तंत्राची पद्धतशीर चर्चा केली, आणि त्यांच्या कादंबऱ्यांनी प्रेमकथेला मराठीत मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. परंतु त्या परंपरेत गुंतागुंत आणि उकल या दोन्हींचे केंद्र प्रेम हेच राहिले. दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालती बेडेकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह आला आणि त्यातील शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांच्या मनातील कोंडमाऱ्याने मोठी खळबळ उडवली. तेथे नोकरी आहे, पण प्रेमाची वाट बंद आहे. पुढे १९८२ मध्ये जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ या चित्रपटाने, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीच्या आधारे, हे दुसरे टोक अधिक स्पष्ट केले. स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महाजन महिलाश्रमाच्या अधीक्षक पदासाठी घर सोडून जाते, परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते, आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. ‘उंबरठा’ प्रेमकथा नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. परंतु त्यातून एक गोष्ट शिकता येते: सुलभाची महत्त्वाकांक्षा खरी वाटते, कारण आश्रमातील काम तिच्या नवऱ्याच्या इच्छेवर चालत नाही, त्या कामाला स्वतःची माणसे, स्वतःचे नियम आणि स्वतःचे भ्रष्ट व्यवहार आहेत. प्रेमकथा लिहिणाऱ्याला हेच साधायचे असते, मात्र प्रेमाचा बळी न देता.

या साध्यासाठी सर्वांत उपयोगी नमुना कादंबरीत नव्हे, तर पिंपरीत घडलेल्या एका खऱ्या हकीकतीत मिळतो. १९७४ मध्ये सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या आणि डॉक्टरेटसाठी परदेशी जाण्याचा त्यांचा विचार होता. टेल्को, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेली कंपनी, हिच्या भरतीच्या सूचनेत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत असे म्हटले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून या भेदभावाचा निषेध केला, त्यावर मुलाखतीचे बोलावणे आले, आणि त्या पिंपरीच्या कारखान्यात मुलाखतीला गेल्या. तेथे त्यांना तांत्रिक प्रश्न विचारले गेले, आणि कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन जेथे चालते त्या जागी, आजवर स्त्री नेमलेली नाही, हेही सांगितले गेले. त्यावर कोठेतरी सुरुवात करावीच लागेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांना नोकरी मिळाली. नारायण मूर्ती यांची भेट त्यानंतर पुण्यात झाली आणि १९७८ मध्ये विवाह झाला.

कथारचनेच्या दृष्टीने या घटनाक्रमात एक मौल्यवान गोष्ट आहे. पोस्टकार्ड प्रेमाच्या आधीचे आहे. नायिका पुण्यात येते ती स्वतःच्या भांडणामुळे, आणि प्रेम तिला भेटते ते तिच्या कामाने तिला आणून सोडलेल्या गावात. कारखान्याचे दार उघडण्याचा किंवा बंद ठेवण्याचा कोणताही अधिकार तिच्या भावी नवऱ्याकडे नव्हता, म्हणून त्या दाराशी मिळालेले यश निःसंशय तिचे राहते. एखाद्या लेखिकेने हीच हकीकत बदलून मुलाखत घेणाऱ्यांत नायकाला बसवले असते, तर प्रसंग कदाचित अधिक चटपटीत झाला असता, पण त्यातील सगळे बळ निघून गेले असते.

याच हकीकतीचा उत्तरार्ध उलट बाजूने तितकाच बोधप्रद आहे. १९८१ मध्ये इन्फोसिस सुरू झाली तेव्हा सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून १०,००० रुपये दिले, आणि पुढे टेल्को सोडली. परंतु पती-पत्नी दोघांनी एकाच कंपनीत असू नये असा नारायण मूर्तींचा आग्रह असल्यामुळे अभियंता म्हणून त्या इन्फोसिसमध्ये गेल्या नाहीत. हा आग्रह चुकीचा होता, असे नारायण मूर्तींनी अनेक दशकांनंतर जाहीरपणे मान्य केले. सुधा मूर्तींनी लेखन, अध्यापन आणि समाजकार्य यांत पुढे जे केले ते मोठेच आहे. तरी अभियंत्याच्या वाटेपुरते बोलायचे तर, जोवर दार तिऱ्हाइताच्या हाती होते तोवर नायिका पोस्टकार्ड लिहून ते उघडू शकली, आणि ज्या क्षणी दार प्रेमाच्या माणसाच्या हाती आले त्या क्षणी ते बंद झाले. तिऱ्हाइताशी भांडता येते; प्रिय माणसाच्या तत्त्वनिष्ठ आग्रहाशी भांडणे फार कठीण असते. लोकांत मात्र ही गोष्ट बहुधा १०,००० रुपयांची म्हणून सांगितली जाते, म्हणजे नवऱ्याच्या यशातील बायकोच्या वाट्याची. पोस्टकार्डापासून सांगू लागले की तीच गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी होते.

आता हाच विचार आजच्या चाकण परिसरातील एका कल्पित नायिकेवर लावून पाहता येईल. ती मराठवाड्यातील एका गावातून आयटीआयचा मशिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आली आहे आणि मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या, स्थानिक बोलीत व्हेंडर म्हणवणाऱ्या, कुरुळीजवळच्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे. सीएनसी म्हणजे संगणकीय आज्ञावलीवर चालणारे यंत्र. ऑपरेटर यंत्रात जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावतो, यंत्र सुरू करतो, तयार नग काढून मापतो. त्याच्यावरचा दर्जा सेटरचा. नवा भाग घ्यायचा असेल तेव्हा जॉब पकडणारे चकचे जबडे त्या मापाला कातून घेणे, हत्यारे बसवणे, प्रत्येक हत्याराचे टोक कोठे आहे हे यंत्राला कळवणारे आकडे, म्हणजे ऑफसेट, भरणे, आणि पहिला नग गुणवत्ता विभागाकडून मंजूर करून घेणे हे त्याचे काम. नायिकेला सेटर व्हायचे आहे. ही इच्छा बाहेरच्याला लहान वाटेल, परंतु ऑपरेटर सहज बदलता येतो आणि चांगला सेटर सहज मिळत नाही, हे त्या पट्ट्यातील प्रत्येकाला माहीत असते. म्हणून पगार, मान आणि कंत्राटातून कायम होण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी त्या एका पायरीला बांधलेल्या असतात.

लेखकाच्या पहिल्या आराखड्यात नायक बहुधा त्याच कारखान्याचा सुपरवायझर असेल. तो तिची हुशारी हेरेल, इतरांचा विरोध पत्करून तिला सेटिंगवर घेईल, आणि वाचक त्याच्या मोठ्या मनावर खूश होईल. दोष येथेच आहे: तिच्या शिकण्याचे श्रेय त्याच्या निवडीला गेले. त्याला गुणवत्ता निरीक्षक केले तरी सुटका नाही, कारण मग तिचा पहिला नग मंजूर करणारी सही त्याचीच असेल आणि त्या सहीवर कारखान्यातील कोणीही विश्वास ठेवणार नाही. नायकाला कारखान्याबाहेर काढणे हा उपाय आहे. तो हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो असे धरले, तर त्याला तिच्या यंत्रातले काही कळत नाही आणि तिच्यासाठी तेथे काही करताही येत नाही. या असमर्थतेमुळेच तो प्रेमकथेचा नायक म्हणून उपयोगी पडतो.

अशी मांडणी केली की अडथळे शोधावे लागत नाहीत. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण येथील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर हिंजवडीत ती शनिवार-रविवारी. तिची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याची बदलत नाही. अनेक कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून त्याने दुपारी पाठवलेला निरोप तिला पाळी सुटल्यावर मिळतो. गैरसमज घडवून आणण्यासाठी हरवलेली पत्रे किंवा दुष्ट आत्या आणण्याची गरज उरत नाही. कामाचे वेळापत्रकच प्रेमाला विलंब लावते, आणि तो विलंब कोणाच्याही दुष्टपणातून आलेला नसल्यामुळे वाचकाला तो खरा वाटतो.

तिच्या वाटेतील मोठा अडथळाही वेळेतूनच येतो. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमाने स्त्रियांचे काम मुळात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेपुरते मर्यादित केले होते. पुढे वाहतूक आणि सुरक्षिततेच्या अटींसह रात्रपाळीची मुभा आली, परंतु त्या अटी पाळण्याचा खर्च टाळण्यासाठी लहान कारखानदाराने मुलींना रात्रपाळीत न घेणे ही सहज घडणारी गोष्ट आहे. कथेतील कारखान्यात मोठ्या सेटिंग्ज रात्री होतात असे दाखवले, म्हणजे दिवसा उत्पादन थांबू नये म्हणून यंत्राची जुळवाजुळव तिसऱ्या पाळीवर ढकलली जाते, तर नायिकेला कोणीही शिकू नको म्हणत नाही, आणि तरी ती शिकू शकत नाही. असा अडथळा संवादातून दूर होत नाही. तिला काहीतरी करावे लागते: दिवसपाळीच्या सेटरशी सौदा करणे, सुटल्यावर बिनपगारी थांबणे, रात्रपाळी मागणारा अर्ज लिहिणे आणि त्यासाठी आणखी दोघी मैत्रिणींना तयार करणे, कारण एकटीसाठी गाडी सुटणार नाही. या मैत्रिणींपैकी एकीला रात्रपाळी नको असेल आणि केवळ नायिकेच्या आग्रहाने तिने सही केली असेल, तर महत्त्वाकांक्षेची किंमत दुसऱ्या कोणालातरी मोजावी लागते हेही कथेत येते. नायिकेला चूक करू देण्याचे हे धैर्य प्रेमकथेत फार कमी दिसते, आणि ते यायला हवे.

कामाचा प्रसंग लिहिताना नेमकेपणा लागतो, कारण नायिकेचे कौशल्य वाचकाने स्वतः पाहायला हवे. समजा, २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा कातला जात आहे आणि नगामागून नग माप किंचित वाढत चालले आहे. कातणाऱ्या हत्याराचे टोक, म्हणजे इन्सर्ट, झिजले की ते कमी धातू काढते आणि बाहेरचा व्यास वाढतो, मायक्रोमीटरवर २५.०४ दिसले तर जाणता माणूस झिजेच्या रकान्यात ०.०४ वजा भरतो आणि पुढचा नग मापात येतो. परंतु व्यास एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला जास्त येत असेल तर ती साधी झीज नव्हे. जॉबची पकड, लांब दांड्याला मिळणारा आधार किंवा यंत्राची सरळ रेषा यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे, आणि आकडे भरत बसल्याने नग वाया जातात. नायिकेने पहिल्या संधीला हीच चूक करावी: घाईने आकडे भरावेत, ट्रॉलीभर माल रिजेक्ट व्हावा आणि तिला पुन्हा ऑपरेटरच्या जागी पाठवले जावे. त्या संध्याकाळी नायकाशी तिचे जे बोलणे होईल त्यात तो तिला धीर देऊ शकतो, पण चूक कोठे झाली हे सांगू शकत नाही. ते तिला स्वतः, दुसऱ्या दिवशी, दांडा दोन टोकांना मापून शोधावे लागते.

प्रेमकथेचा कळसबिंदू, म्हणजे दोघांचे नाते तुटण्याच्या कडेला येते तो प्रसंग, अशा वेळी नायकाच्या प्रेमातूनच जन्माला येतो. तिची दमछाक पाहून तो हिंजवडीत तिच्यासाठी टेबलावरची नोकरी शोधून आणतो. पगार थोडा जास्त, दिवसपाळी, शनिवार-रविवार सुट्टी दोघांना एकत्र. यात त्याचा कोणताही कावा नाही. जे दार त्याच्या हाती नव्हते ते उघडता न आल्यामुळे त्याने आपल्या हातातले दुसरे दार उघडले, आणि तिच्या इच्छेची जागा स्वतःच्या सोयीने भरली. वाचकाला हा प्रस्ताव खरोखर मोहक वाटला पाहिजे, नाहीतर तिच्या नकाराला काही वजन राहणार नाही. नकारानंतर त्याने जे करायचे ते मोठे नसावे. आपले काम आठवड्यातून गुरुवारी घरून करण्याची परवानगी त्याने मिळवावी, किंवा खोली मोशीला हलवून रोजचा लांबचा प्रवास स्वतःच्या अंगावर घ्यावा. या कृतींनी तिचे सेटर होणे एका दिवसानेही जवळ येत नाही. तिच्या वाटेला हात न लावता तिच्या शेजारी राहण्याची किंमत तो मोजतो, आणि वाचकाला प्रेमाची खात्री पटते ती येथेच.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे: वाचक प्रेमकथा प्रेमासाठी हाती घेतो, त्याला ऑफसेट आणि इन्सर्ट कशाला हवेत? कामाचा तपशील प्रेमाच्या प्रसंगांवर परिणाम करत नसेल तर हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. तपासणी सोपी आहे. कामाचा प्रत्येक प्रसंग काढून पाहावा. त्यानंतरच्या प्रेमप्रसंगात एकही वाक्य बदलावे लागले नाही, तर तो प्रसंग माहितीपुस्तिकेतला आहे. उलट बाजूनेही तपासावे: नायक काढून टाकला तर नायिकेच्या आयुष्यात पुढच्या वर्षभरात काय घडेल हे लेखकाला सांगता येते का? येत नसेल, तर तिला महत्त्वाकांक्षा दिलेलीच नाही. दोन्ही तपासण्यांत उतरणारी कथा लिहिणे कष्टाचे आहे, कारण दोन धागे प्रत्येक प्रकरणात एकमेकांना खेचत ठेवावे लागतात. त्या दोहोंपैकी प्रेमाचा शेवट वाचकाला वचन दिल्याप्रमाणे सुखाचाच करावा लागतो. कामाच्या शेवटाबद्दल असे कोणतेही वचन नाही. नायिका सेटर होऊ शकते, होता होता राहू शकते, किंवा सेटर होऊनही कंत्राटीच राहू शकते. अनिश्चिततेची ही जागा प्रेमकथेला सहसा मिळत नाही आणि ती वाया घालवू नये.

सर्वांत जास्त नुकसान उपसंहारात होते, म्हणजे मुख्य कथा संपल्यावर दोन-चार वर्षांनंतरचे सुख दाखवणाऱ्या शेवटच्या छोट्या प्रकरणात. तेथे बहुधा एक मूल असते आणि नायिकेच्या कामाचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. चाकणच्या या नायिकेबाबत तसे उरकणे शक्य नाही. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा योजनेतून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ मिळतो, मात्र त्यासाठी आधीच्या, प्रत्येकी सहा महिन्यांच्या, दोन अंशदान कालखंडांत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. आणि कंत्राटदाराने मध्येच कामात खंड दाखवला असेल तर हे दिवस भरले की नाही हा प्रश्न तिच्या बाळाच्या जन्माइतकाच निकडीचा होतो. लाभ मिळाला तरी २६ आठवड्यांनंतर तिचे यंत्र तिची वाट पाहत असेल की त्यावर दुसरा सेटर बसलेला असेल, हे लाभाच्या नियमांतून कळत नाही. म्हणून उपसंहारात पाळणा ठेवणाऱ्या लेखकाने तिचे नाव कोणाच्या हजेरीपटावर आहे हे आधी ठरवावे, आणि ती परत कामावर जाते तेव्हा बाळ पहिल्या पाळीला कोण सांभाळते, ती रात्रपाळी आता कोण मागते, आणि हिंजवडीचा नवरा त्या गुरुवारच्या परवानगीचे काय करतो, हे लिहावे.